परवाबद्दल सॉरी

ओझरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका इंजिनिअरला स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं. त्याचं माहितीपत्रक मी करावं, यासाठी मंगळवारी कॉलेज रोडच्या कॅफेत भेटायचं ठरलं. मी दोन कॉफ्या संपवल्या; तो आलाच नाही. बुधवारी त्याचा फोन आला. मागे मशीनचा खडखडाट. "मॅडम, शनिवारी नक्की," एवढं ओरडून त्याने ठेवून दिला. माफीचा शब्द नाही! मी धुमसत राहिले.

गुरुवारी मेसेज आला: "परवाबद्दल सॉरी."

म्हणजे शनिवारीही टांग! मी नुसतं "बरं" असं लिहिलं आणि फोन आपटला.

शनिवारी केसांना तेल चोपडून घरात बसले होते, तेव्हा पुन्हा मेसेज: "पोचलोय. सावकाश या."

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. गुरुवारचा परवा म्हणजे शनिवार, तसाच मंगळवारसुद्धा. बिचारा झालेल्या मंगळवारची माफी मागत होता. खरं काय ते सांगून टाकायचं सोडून मी लिहिलं, "द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेय." नाशिक रोडच्या घरून निघून तशीच धापा टाकत पोचले.

त्याने अजून काहीच मागवलं नव्हतं. उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली. "द्वारकेला ट्रॅफिक? मी आत्ता तिथूनच आलो, रस्ता मोकळा..."

मग तो माझ्या तेलकट वेणीवरून नजर काढून मेनूकार्डात घालत म्हणाला, "नंतर तुंबला असेल."