माटोळीची ओळ

गोव्यातल्या धारगळच्या दवाखान्यातली नर्स शेवंती गणपतीच्या चवथीच्या तोंडावर दवाखान्याच्या फेसबुकवर डेंग्यूची पोस्ट लिहायला बसली, तेव्हा तिचं डोकं आधीच फिरलेलं होतं. वाड्यावरच्या कुणीतरी पपईच्या पानांच्या रसाचा रामबाण उपाय पाठवून ‘हेंय घाल’, हेही पोस्टमध्ये घाल म्हणून पाठ धरली होती.

“सिद्ध झालेलं नाही ते मी घालायची नाही,” ती फणकारली.

डॉक्टर हळूच म्हणाले, “सगुणचं लिहिलंस तर लोक ऐकतील.”

सगुण तिचा धाकटा भाऊ. गेल्या चवथीला त्याचा डेंग्यूचा ताप उतरला, घरच्यांना हायसं वाटलं आणि पोट दुखत असतानाही तो गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळांची माटोळी बांधायला स्टुलावर चढला. संध्याकाळी कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही.

“नको. घाबरलेली माणसं ताप लपवतात, डॉक्टर.”

तिने लिहिलं: साचलेलं पाणी ओतून टाका. ताप आला तर तपासून घ्या, आपल्या मनाने गोळ्या घेऊ नका. बहुतेकजण बरे होतात. मात्र ताप उतरल्यावरही पोट खूप दुखलं, उलट्या थांबल्या नाहीत किंवा कुठून रक्त आलं, तर लगेच इस्पितळात जा.

शेवटी एक नवी ओळ घातली: माटोळी दुसऱ्या कुणाला बांधू द्या.

“बाकीचं गेल्या वर्षीचंच ना?” डॉक्टरांनी विचारलं.

शेवंतीने मोबाइल पुढे केला. ती शेवटची ओळ सोडली तर गेल्या वर्षीची पोस्ट शब्दन् शब्द तीच होती. तिच्याखाली सगळ्यात आधी लाइकचा अंगठा दिला होता सगुणने.