वाकळबुवा म्हणू नको

नोकरीची माझी पहिली काही वर्षं आष्टीच्या पुढे, नगरच्या रस्त्यावरच्या एका नाक्यावर गेली. नाक्याच्या अलीकडे आमची मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजी मुलूख. इकडून तिकडे जाणारी आणि तिकडून इकडे येणारी प्रत्येक बैलगाडी आमच्या पुढ्यात थांबायची. आम्ही मालाची झडती घ्यायचो, महसूल भरून घ्यायचो, पावती द्यायचो आणि मग रस्त्यावर आडवी ताणलेली दोरी खाली सोडायचो. सांगायला एवढंच काम होतं. पण उन्हात, धुळीत, गाडीवाल्यांच्या कटकटीत दिवस संपता संपायचा नाही.

नाक्यावर आम्ही दोघंच. मी छपरीत चौरंगापुढे बसून उर्दूत पावत्या लिहायचो. माझा जोडीदार रस्त्यावर उभा राहून झडती घ्यायचा. तो आष्टीजवळच्याच एका खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, वयाने माझ्यापेक्षा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. माणूस आडदांड, आवाज खणखणीत. लोखंडी सळई पोत्यात खुपसायची, खाली गुळाची ढेप लागते का कापडाची गाठ ते हाताला कळलं की तिथूनच मला ओरडून सांगायचं, असा त्याचा खाक्या. मी ऐकायचो आणि लिहायचो. म्हणजे दिवसभर त्याने मला हाक मारायची आणि मी ओ द्यायची, यावरच आमचं काम चालायचं. म्हणून तर त्याने मला ठेवलेल्या नावाचा एवढा जाच झाला.

एका साली दिवाळीनंतर माझी आई वारली. गेवराईकडे, गोदाकाठच्या आमच्या गावी. तेरावं आटोपलं, तिचे कपडे, अंथरूण-पांघरूण वाटून टाकायला काढलं, तेव्हा तिची वाकळ मी उचलून घेतली. तिच्याच जुन्या लुगड्यांची तिने शिवलेली. वहिनी म्हणाली, मेलेल्या माणसाचं पांघरूण ठेवू नये. मी ऐकलं नाही. पेटीला बांधली आणि नाक्यावर घेऊन आलो.

आल्या आल्या मला हिवतापाने धरलं. एक दिवसाआड थंडी वाजून यायची. रजा तर नुकतीच संपलेली, दुसरी मागणार कुठल्या तोंडाने? मग त्या वाकळेत डोक्यापासून गुरफटून, फक्त लिहिता हात बाहेर काढून मी पावत्या करत बसायचो. ध्यान दिसतच असेन, नाही कोण म्हणतो! दादाने एकदा गाडीवरून वळून पाहिलं, हसू दाबलं नि हाक मारली, ‘वाकळबुवा, लिहा, गुळाची गाडी.’ रांगेतले गाडीवाले खो खो हसले. मीही हसलो. तापात माणसाला भांडायचं त्राण नसतं, हसणं सोपं पडतं.

ताप गेला, नाव राहिलं. थंडी सरली, तरी मी वाकळबुवाच. गाडीवाल्यांनी ते उचललं आणि वाटेवरच्या गावांत नेलं. आष्टीच्या बाजारात मीठ घ्यायला गेलो तर दुकानदार विचारायचा, ‘नाक्यावरचे वाकळबुवा का तुमी?’ एकदा पावतीवरून एका गाडीवाल्याशी वाजलं. मी कायदा सांगत होतो आणि तो मागे बघून म्हणाला, वाकळबुवा काय म्हणतोय बघा. पुढे माझं कोण ऐकणार?

पण खरं दुखणं ते नव्हतं. थंडी सरायच्या आधीच मी ती वाकळ पांघरणं बंद केलं. घडी करून पेटीच्या तळाशी घातली आणि घोंगड्यावर कुडकुडत पडू लागलो. वाकळ दिसली की चिडवतील, म्हणून. एका सकाळी पेटी उघडली, ठिगळाचा एक कोपरा वर आला होता, तो मी घाईने आत दाबला, कोणी बघेल म्हणून. मग माझं मलाच कळलं की मला आईची लाज वाटायला लागली आहे. मी तिथेच पेटीपाशी बसून राहिलो. फार थकल्यासारखं झालं.

बदली मागावी असं वाटलं. मग वाटलं, नाव तिथेही पोचेल, गाडीवाले सगळीकडेच जातात. वरच्या साहेबांकडे तक्रार करावी, तर दादाच्या नोकरीवर यायचं, आणि दादा वाईट माणूस नव्हता. तापात त्यानेच मला घरून भाकरी आणि हुलग्याचं कळण आणून दिलं होतं. चारचौघांत त्याला फटकारावं, तर गाडीवाल्यांना तेवढंच पाहिजे होतं, नाव आणखी घट्ट बसलं असतं. त्याला उलट काहीतरी नाव ठेवावं, हेही सुचलं. पण मग दोघांची जुगलबंदीच सुरू झाली असती आणि त्याला वाटलं असतं, मला मजा येते. उरलं एकच. त्याला एकट्याला गाठायचं आणि सरळ सांगायचं. हे सगळ्यांत सोपं आणि तेच जिवावर आलं होतं. काय बोलायचं ते मी मनात घोळवायचो, तो समोर आला की शब्द गिळायचो. असे बरेच दिवस गेले.

दुपारी ऊन तापलं की रस्ता ओस पडायचा. अशा वेळी आम्ही ओढ्याकाठच्या विहिरीवर पाण्याला जायचो. तिथे एकदा दादा पोहरा ओढत होता, मी घागर धरली होती. आसपास चिटपाखरू नव्हतं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

‘दादा, एक बोलायचंय. रागाचं न्हाई.’

‘बोल की बे.’

‘तू मला वाकळबुवा म्हणतोस, ते आता म्हणू नको. तुझ्या मनात वाईट न्हाई हे मला ठावं हाय. पण मला ते लागतं.’

त्याने पोहरा काठावर टेकवला. आधी तो हसला. म्हणाला, चेष्टा होती, एवढं काय मनावर घ्यायचं. मी हसलो नाही. मी हसलो असतो तर बोलणं तिथेच विरून गेलं असतं. मग त्याचा चेहरा थोडा उतरला.

‘तू तर हसायचास. कावून हसायचास मग?’

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, पहिल्यांदा तापात हसलो, नंतर गाडीवाल्यांपुढे दुसरं काय करावं ते कळेना. तुला कळायला मार्ग नव्हता, म्हणून तर आज सांगतोय. कारण सांगायचं नाही असं मी ठरवून आलो होतो. नको म्हटलं की नको, त्याला कारण कशाला? पण तो माझ्याकडे बघत उभा होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘ती वाकळ माझ्या आईच्या लुगड्यांची हाय.’

दादाने पोहरा पुन्हा आत सोडला, घागर भरली, स्वतःच खांद्यावर घेतली आणि माझ्या पुढे चालू लागला. नाक्यापर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, बिघडलं सगळं.

दुसऱ्या दिवसापासून बिघडलंच. हाक आली ती ‘कारकूनसाहेब, लिहावं, मिठाची गाडी हाय.’ तुमी, आपण, साहेब. डबा सोडला तो आपला आपण, कोपऱ्यात. त्याला राग आला होता का लाज, मला सांगता येत नव्हतं. माझ्या नाकी नऊ आले. वाकळबुवापेक्षा ते साहेब जास्त टोचायचं. एकदा सांगितलं की सुटलो अशी माझी समजूत होती, तर पुन्हा तेच बोलणं नशिबात आलं.

मग मी परत विहिरीवरच धरला त्याला. म्हटलं, दादा, खफा झालास का? मला साहेब व्हायचं न्हाई. फक्त ते एक नाव नको, बाकी तू पहिल्यासारखाच बोल.

त्याने दोराचा पीळ सारखा केला. मग म्हणाला, ‘खफा न्हाई रं. पण रस्त्यावरून वरडायला कायतरी लागतं. जिभंला वळण पडलंय, दुसरं काय देशील तिला?’

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नाव काढून घेतलं, पण त्या जागी काही ठेवलं नाही. नुसतं ‘अरे’ म्हणून ओरडलं तर रांगेतले सगळेच वळून बघायचे. मी म्हटलं, भाऊ म्हण. त्याने विहिरीत वाकून एकदा मोठ्याने ‘भाऊ’ म्हणून हाक देऊन पाहिली. आवाज घुमून वर आला. म्हणाला, ‘चालतंय. पर सवय जायला येळ लागंल. चुकलो तर तिथं बोलू नको, नुसतं बघ माझ्याकडं.’

तो चुकला. पहिल्या आठवड्यात लई वेळा चुकला. सळई पोत्यात, डोकं गाडीच्या आडोशाला, आणि हाक यायची ‘वाकळ...’ मी लेखणी थांबवून नुसता बघायचो. तो अर्ध्यावर तोडायचा, मान हलवायचा आणि पुन्हा ओरडायचा, ‘भाऊ, कापसाची.’ गाडीवाले बुचकळ्यात पडायचे. हळूहळू चुकणं कमी झालं. कधी थांबलं, ते मला कळलंही नाही. तो पुन्हा ‘बे’वर आला, डबा पुन्हा एकत्र सुटू लागला.

गाडीवाल्यांचं मात्र तसं नव्हतं. त्यातले काही शेवटपर्यंत वाकळबुवाच म्हणत राहिले. सगळ्या रस्त्याला विहिरीवर नेऊन कोण समजावणार? मी ते सोडून दिलं. वाकळ अजून पेटीच्या तळाशीच होती.

पुढच्या थंडीत पेटी उघडली तर वाकळेला कुबट वास येत होता. ऊन दाखवायलाच पाहिजे होतं. सकाळी रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली, आणि वाळत घालायला जागा म्हणजे छपरीपुढची बाज. मी दारात वाकळ घेऊन कितीतरी वेळ उभा राहिलो. मग जाऊन पसरली. हिरवी, तपकिरी, एका कडेला तिच्या सणाच्या लुगड्याचा लाल काठ. जागेवर येऊन बसलो आणि मान खाली घालून लेखणी हातात घेतली.

रांगेतला एक तरणा गाडीवाला हसला. दुसऱ्याला कोपराने ढोसत मोठ्याने म्हणाला, ‘हीच का बे ती वाकळबुवाची वाकळ?’

दादाची सळई पोत्यात होती. त्याने ती काढली नाही, वर पाहिलं नाही, आवाजही चढवला नाही.

‘त्याच्या आईची हाय ती,’ तो म्हणाला. ‘खाली काय भरलंयस, ते सांग.’

गाडीवाल्याने गूळ म्हणून सांगितलं. दादाने मला हाक मारली, ‘भाऊ, गुळाची,’ आणि मी लिहायला घेतलं. अक्षर नीट दिसेना, म्हणून जरा थांबावं लागलं. तो थांबला, रांगही थांबली. त्या रात्रीपासून मी वाकळ पुन्हा पांघरू लागलो.