कुरडईच्या फोटोखालची ओळ

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी सुनेनं उंद्रीतल्या आमच्या घरून कुरडया विकायला काढल्या. नातीनं फोटो काढून फोनवर टाकले. पंधरा दिवसांत एकही पाकीट गेलं नाही. मी फोटोखालचं वाचायला मागितलं. ‘प्रेमाने बनवलेल्या आमच्या कुरडयांसह आपले क्षण कुरकुरीत बनवा.’

“असं कोण बोलते वं?”

“आजी, इंग्रजी जाहिरातीवरून केलं मी.”

“बाजारात गिऱ्हाईकाले काय सांगशील, ते सांग.”

ती म्हणाली, “गहू तीन दिवस भिजवला, चीक घरचा. तळली की डबल फुलते. ऑर्डर आजच द्या, बुलढाण्यात डिलिव्हरी फ्री.” कॉलेजला ती रोज एसटीनं बुलढाण्याला जायचीच.

“हेच लिव्ह.”

“मंग ऑर्डर इंग्रजी आहे, तिले मागणी लिहू? अन् शहरातल्यांसाठी चिकाले स्टार्च?”

“ऑर्डर आपण रोज म्हणतो, ते राहू दे. स्टार्च या घरात कोणी म्हणत नाही.”

तिनं तसंच टाकलं. दुसऱ्या दिवशी बुलढाण्याच्या एका बाईचा फोन आला. चीक खरंच घरचा का, एवढं विचारून तिनं चार पाकिटं सांगितली. क्षणांबद्दल काही विचारलं नाही.