बिट्टूभाऊंचा बंदगळा

केनवडच्या बाजारपेठेत देवानंदचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे बॅनर, आणि सर्वांत जास्त म्हणजे गेलेल्या माणसांचे फोटो. गावाकडे म्हाताऱ्या माणसाचा चांगला फोटो कोण काढून ठेवतो? माणूस जातो, तेराव्याला फोटो हवा असतो, आणि घरात सापडतं ते मतदान ओळखपत्र. मग लेक ते घेऊन देवानंदकडे येतो. देवानंद त्यातला अंगठ्याएवढा चेहरा मोठा करतो, त्याला चांगलं धड लावतो, मागे निळं आभाळ टाकतो, आणि म्हातारा भिंतीवर हार घालून घ्यायला तयार होतो.

देवानंद रागीट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पंचावन्न वर्षांचा झाला तरी नाकावरचा राग उतरलेला नाही. गिऱ्हाईक ‘जरा गोरं करा’ म्हणालं की तो चिडतो, ‘मोबाइलवर दोन मिनिटांत होते’ म्हणालं की जास्तच चिडतो. आणि खरं सांगायचं तर त्याचं चिडणं बरोबरच असतं. तीस वर्षं ज्याने माणसांच्या तोंडांशी झटापट केली, त्याला कालच्या पोरांनी अक्कल शिकवावी म्हणजे काय?

शिवम हे असंच एक पोरगं. त्याच्या बिट्टू नावाच्या कुत्र्याचा वाढदिवस होता आणि मित्रांना शेतातल्या गोठ्यावर जेवण होतं. त्यासाठी त्याला गमतीचं कार्ड हवं होतं: ‘तालुक्याचे भावी नेते मा. बिट्टूभाऊ यांचे अभीष्टचिंतन’, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि मधोमध शिवमचाच लग्नातला सुटातला फोटो, पण तोंड बिट्टूचं. हे त्याने आधी मोबाइलच्या ॲपवर करून पाहिलं होतं. निघालेलं ध्यान त्याने देवानंदला दाखवलं. शिवमचेच गाल, त्यावर तपकिरी डाग, लाटण्याने लाटल्यासारखं चपटं नाक, आणि खाली माणसाचे ओठ तसेच शिल्लक.

देवानंदने ते पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं. हा कुत्रा आहे की रोगट माणूस, असं त्याने विचारलं. ॲपला माणसाचं तोंड शिकवलेलं असतं, ते डोळे, नाक, ओठ माणसाच्याच जागी शोधतं, हे त्याने शिवमला समजावलं, म्हणजे झापलंच. माणसाचं तोंड सपाट, डोळे आणि ओठ जवळपास एका पातळीवर. कुत्र्याचं नाक मात्र वीतभर पुढे आलेलं, कपाळ उतरतं, डोळे बाजूला कललेले. डोळ्यांवर डोळे बसवले तर नाक-जबड्याची थुतरी छातीपर्यंत लोंबते, तोंडावर तोंड बसवलं तर डोळे माणसाच्या केसांत जातात. मग ॲप काय करतं, तर कुत्र्याचं तोंड ओढून-ताणून माणसाच्या साच्यात कोंबतं.

“तोंड वाकवाचं नाई,” देवानंदने बजावलं. “तोंडाले साजेल असं धड पाहाचं. कुत्र्याले आन उद्या इथं.”

दुसऱ्या दिवशी बिट्टू आला. शिवमकडे त्याचे शंभर फोटो होते, पण सगळे वरून, अगदी जवळून काढलेले, त्यामुळे नाक भोपळ्याएवढं आणि कान चिमुकले. देवानंदने बिट्टूला स्टुलावर बसवलं. स्वतः जमिनीवर बसून कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला, चार पावलं मागे सरकून लेन्सने चेहरा जवळ ओढला, आणि शिवमला डावीकडे बिस्कीट धरून उभं केलं, म्हणजे मान अर्धी वळेल. उजेड उजवीकडून घेतला. चाळीस फोटोंतला एक जमला.

आता धड. शिवमचा सूट कामाचा नव्हता. तो समोर तोंड करून उभा, वर फ्लॅशचा सपाट उजेड, मान बारीक आणि कॉलर उघडी. कुत्र्याची मान जाड असते आणि खांद्यातून पुढे झुकून निघते, ती त्या कॉलरमध्ये बसेना. बसवली की खांबाला कुत्रा अडकवल्यासारखं दिसे. देवानंदने दोन दिवस त्यात घालवले, इतर कामं बाजूला ठेवली. शेवटी त्याने संगणकातलं जुनं धड काढलं: काळा बंदगळा कोट, खिशाला पेन, खांद्यावर घडी घातलेला शेला, अंग अर्धं डावीकडे वळलेलं, उजेड उजवीकडून. माणसाचं डोकं मानेसकट पुसून टाकलं. बिट्टूचं अख्खं डोकं ठेवलं, ते माणसाच्या डोक्याहून थोडं मोठं घेतलं, नाहीतर त्या रुंद खांद्यांवर लिंबू दिसलं असतं. मानेचे केस एकेक रेघ ओढून कॉलरवर आणले आणि थुतरीची सावली छातीवर पाडली.

बिट्टूभाऊ असे बसले, की उठून भाषणच करतील. बिट्टूचा एक केसही वाकडा झाला नव्हता. देवानंद स्वतःशी हसला, आणि हे फार क्वचित घडतं.

कार्ड सकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेलं, तिथून गावोगाव पसरलं आणि दुपारी रिठदचे मारोतराव स्टुडिओत आले. मारोतराव शेतकरी, वयाने देवानंदच्या मागेपुढे, एरवी शांत माणूस. आज आले ते चपलेसकट आत. मोबाइल टेबलावर आपटला.

“हा माह्या बापाचा कोट हाये,” ते म्हणाले. “तुमी माह्या बापाच्या धडावर कुत्रं बसवलं.”

देवानंदने मोबाइल उचलून पाहिला. बारा वर्षांपूर्वी मारोतरावांच्या वडिलांचा, उकंडाजींचा, फोटो त्यानेच केला होता. तोच बंदगळा, तेच पेन, तोच शेला. केनवड-रिठदच्या भिंतींवर हा कोट किती जणांनी घातला होता, याचा विचार कार्ड करताना त्याच्या मनात एकदाही आला नव्हता. धड जमलं, त्याने लावलं. सगळ्या पंचक्रोशीने पुजलेलं धड गमतीच्या कार्डावर टाकायची ही चूक दुसरा कोण करणार होता?

पण चूक कळली म्हणून देवानंदचा आवाज खाली येतो, असं कोणी समजू नये. तुमच्या वडिलांनी जन्मात कधी कोट घातला होता का, असं त्याने उलट विचारलं.  उकंडाजी बंडी-धोतराचा माणूस होता, हे मारोतरावांनाही माहीत होतं.

“ते धड माहं हाये,” देवानंद म्हणाला. “तीस वर्षाचा असतानी बँडवाल्याचा कोट मांगून काढला होता म्या फोटो.”

मारोतराव स्टुलावर बसले. बारा वर्षं दर अमावस्येला त्यांनी हार घातला होता, पोरांना त्या फोटोच्या पाया पडायला लावलं होतं, आणि तो हार देवानंदच्या छातीवर पडत होता. त्यांना हसू येण्यासारखी ती गोष्ट नव्हती आणि मलाही त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ते उठले आणि इतकंच म्हणाले, की हे माझ्या मायला तुम्ही घरी येऊन सांगा. कार्ड तिनेही पाहिलं आहे.

देवानंद कॅमेरा खांद्याला अडकवून त्यांच्या गाडीवर मागे बसून रिठदला गेला. वाटेत त्याने मनात सगळं जुळवून ठेवलं होतं: धड माझं, कोट बँडवाल्याचा, बापाचा अपमान झालाच नाही, झाला असेल तर माझा. नवीन धड लावून देतो, विषय संपला. चिडायचं तर मी चिडायला हवं, असंही त्याला वाटत होतं.

मारोतरावांच्या आई तुळसाबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. ऐंशी पार झालेली बाई, पण नजर पक्की. देवानंदने सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, सूप खाली ठेवलं, आणि मारोतरावांना भिंतीवरचा फोटो काढून आणायला सांगितला. तो मांडीवर घेतला. शेजारी लेकाचा मोबाइल ठेवला, त्यावर बिट्टूभाऊ.

“कोटाचं मले काई नाई,” त्या म्हणाल्या. “कोट त्याहीचा नव्हता हे मले पह्यल्याच दिशी समजलं. पन हे तोंड पाहा. बैलाचं शिंग लागून त्याहीचा डावा जबडा बसला होता. चाळीस वर्स म्या तेच तोंड पाह्यलं. इथं कुठी गेलं ते?”

देवानंदला आठवलं. ओळखपत्रावरचा चेहरा डावीकडे बसलेला होता. उजवी बाजू चांगली होती, ती उलटी करून त्याने डावीकडे लावली होती. मग एक बाजू दाबून मान वळल्यासारखी केली, आणि कॉलरमध्ये मावावं म्हणून खालून बारीक केलं. अर्ध्या तासाचं काम होतं. लेक खूश होऊन गेला होता.

“मंग सांगितलं काहून नाई, काकू?” त्याने विचारलं.

“लेकानं हौसेनं आनला होता,” तुळसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यात दया नव्हती. “मले वाटलं, मशिनीत असंच येत असन. आता हे कुत्रं पाह्यलं. त्याचे मिशीचे केस बी जाग्यावर हायेत. कुत्र्याचं तोंड नाई वाकवलं तुमी. माह्या मान्साचं वाकवलं.”

  मारोतराव मान खाली घालून उभे राहिले, कारण त्या फोटोवर बारा वर्षांपूर्वी ‘लय भारी झाला’ म्हणणारे तेच होते.

ओळखपत्र तुळसाबाईंच्या पेटीत होतं. देवानंदने ते घेतलं, आणि मारोतरावांना तिथेच बंडी-धोतर घालायला लावून ओसरीवर बसवलं. उकंडाजींचा चेहरा समोर पाहत होता, म्हणून मारोतरावांनाही समोर पाहायला लावलं. उजेडही तसाच समोरून घेऊन फोटो काढला. खांदे बापलेकांचे सारखेच होते. त्यावर तो चेहरा, बसलेल्या जबड्यासकट, स्टुडिओत चार दिवस घालून त्याने बसवला. काहीही दाबलं नाही, काहीही ताणलं नाही. तुळसाबाईंनी नवा फोटो पाहिला, पदराने काच पुसली आणि खिळ्याला लावायला सांगितलं. 

स्टुडिओत परत आल्यावर त्याने संगणकातलं त्या बंदगळ्याचं फोल्डर उघडलं. एकेचाळीस माणसं. कोणाचा चकणा डोळा सरळ केलेला, कोणाच्या पडलेल्या दातांची खळगी भरलेली, कोणाचा देवीचे व्रण असलेला गाल गुळगुळीत. तेव्हा आपण किती छान करून दिलं, असं त्याला वाटत होतं. आता एकेक तोंड पाहताना त्याला इतका संताप आला, की त्याने माउस भिंतीकडे भिरकावला. समोर ज्याच्यावर चिडावं असं कोणीच नव्हतं.

मग त्याने त्यातल्या पहिल्या माणसाच्या लेकाला फोन लावला. मदनसिंग, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. मदनसिंगला वाटलं काही पैसे द्यायचे राहिले असतील, तो गोंधळून फोटोला काय झालं म्हणून विचारत राहिला, फोटो चांगला आहे म्हणाला, घरचे सगळे खूश आहेत म्हणाला.

“चांगला नाई तो,” देवानंद त्याच्यावर खेकसला. “तुह्या बापाचं जुनं ओळखपत्र घेऊन ये. काहून म्हंजे? म्या खराब केला म्हनून.”