बाटलीतली पाचवी लस

आमचं गाव कर्जतहून खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, भातखाचरांच्या कडेला. मी शाळा-कॉलेजसाठी आत्याकडे मुंबईत होते, इंग्रजी माध्यमात. परीक्षा आटोपून घरी आले तेव्हा आळीतल्या बायकांशी काय बोलावं ते मला कळेना. त्यांनाही कळत नसावं. मी दिसले की त्या आपसातलं बोलणं थांबवत आणि “जेवलीस का गं?” एवढंच विचारत.

मी घरी आले ती बहिणीसाठी. ती नऊ वर्षांची होती. मूत्रपिंडाच्या आजारानं तिच्या अंगावर वारंवार सूज येई. सकाळी डोळे उघडत नसत, पावलं भाकरीसारखी फुगत. कर्जतच्या डॉक्टरांनी तिला स्टेरॉइडच्या गोळ्या चालू केल्या होत्या. सूज ओसरे, गोळी कमी केली की पुन्हा येई. आई शेताकडे आणि घराकडे दोन्हीकडे पुरत नव्हती. बहिणीचं अळणी जेवण करणं, तिला आंघोळ घालणं, लघवीतून प्रथिनं जातात का ते काचेच्या नळीत तापवून बघणं हे सगळं माझ्याकडे आलं.

त्या वर्षी सरकारी दवाखान्यात गोवराची लस नव्यानं मिळू लागली होती. आईनं डॉक्टरांना विचारलं, “हिला देऊन टाकू का?”

“हिला नाही,” ते म्हणाले. “ती लस जिवंत जंतूची असते, अगदी अशक्त केलेल्या. तुम्हा-आम्हाला काही होत नाही. पण या गोळ्यांनी हिची लढायची ताकद दबलेली आहे.”

“मग हिनं करायचं काय?”

“हिनं नाही, तुम्ही करायचं. गोवर माणसाकडूनच माणसाला होतो. तिच्या आसपास कुणाला झालाच नाही, तर तिच्यापर्यंत आणणार कोण?” मग ते माझ्याकडे वळले. “तुला झाला होता?”

मी आईकडे पाहिलं. आई आठवत राहिली. तिला स्वतःला लहानपणी झाला होता, बाबांनाही. माझ्याबद्दल तिला खात्री देता येईना.

“मग तूही घे,” डॉक्टर म्हणाले. “तिला भरवणारी तूच आहेस.”

त्यांनी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. एरवी ती लस नऊ महिने पूर्ण झालेल्या तान्ह्या मुलांसाठीच येत असे. चिठ्ठीमुळे आमच्या आळीतल्या, गोवर न झालेल्या मोठ्या मुलांनाही द्यायचं ठरलं. पण नर्सबाईंनी एक अट सांगितली. एका बाटलीत पाच जणांची लस असे. बाटलीतल्या भुकटीत पाणी घातलं की ती त्याच दिवशी, काही तासांत संपवायची, उरलेली फेकायची. म्हणून त्या म्हणाल्या, “पाच पोरं जमवा, मग मी बाटली फोडते. दोन बाटल्यांची पोरं जमली तर दोन आणते.”

जमवायचं काम माझ्यावर आलं. मी वही घेऊन दारोदार गेले. दारात उभं राहून घसा खाकरायचा, कुणी बाहेर येईपर्यंत थांबायचं, हे मला फार जड जाई. वहीत तीन रकाने पाडले होते. मुलाचं नाव, वय, गोवर झाला की नाही.

आमच्या शेजारच्या घरात एक म्हातारी काकी होती. तिची मुलगी गौरी-गणपतीला माहेरी आली ती राहिलीच. दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. तिचा नवरा साजगावच्या कारखान्यात होता, बिऱ्हाड शिळफाट्याला. तिची तीन वर्षांची मुलगी आमच्या खिडकीशी येऊन उभी राहायची आणि गजांतून हात घालून माझ्या बहिणीला चिंचेचा कोवळा पाला द्यायची. तिला “ताई” म्हणणारी ती एकटीच.

मी काकीच्या दारात गेले. “तुमच्याकडं लहान मुलं किती?”

“आमच्याकडं कोण हाय गं आता? पोराची दोगं, त्यांला गेल्या साली गोवर येऊन गेला. देवीनंच बघितलं त्यांच्याकडं.”

“आणि ही?” मी अंगणातल्या मुलीकडे बोट केलं.

“ती आमची कुठं? ती त्यांची. तिचं तिकडं होईल, शिळफाट्याला. लेकीच्या पोरीला आपण सुई टोचून आणायची आन काय झालं तर जावई काय म्हनेल?”

मुलीची आई आतून म्हणाली, “घेतली तरी चालंल की गं आये.”

“तू गप. परक्याची ठेव हाय ती.”

यावर मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी वही मिटली आणि “बरं” म्हणाले.

बुधवारी नर्सबाई खांद्याला बर्फाचा डबा लावून आल्या आणि शाळेच्या ओट्यावर बसल्या. पहिली बाटली मुलांनी संपवली. दुसऱ्या बाटलीला तीन मुलं आणि चौथी मी; एक कमी असूनही नर्सबाईंनी ती फोडली. पोरांच्या रांगेत मी शेवटी उभी होते.

“हे बाळ बरंच मोठं झालंय की,” नर्सबाई म्हणाल्या. ओट्याखालच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

“रडशील तर कडेवर घेईन हां,” एक म्हणाली.

मीही हसले असेन. सुई दंडाच्या कातडीखाली गेली, थोडी चुणचुण झाली. नर्सबाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली. “एक राहिली. आहे का कुणी?”

शेजारची ती मुलगी तिथेच होती. ओट्याच्या पायरीवर बसून वाळूत बोट फिरवत होती. तिची आई घरी पडलेली, आजी शेतावर. नर्सबाईंनी मला पुन्हा विचारलं, “तुझ्या वहीत कुणी?”

वहीत कुणी नव्हतं. मी मान हलवली. दुपारपर्यंत त्या थांबल्या आणि मग उरलेलं औषध टाकून दिलं.

दिवाळीनंतर वरच्या आळीत गोवर निघाला. त्या घरांच्या दारांना लिंबाचे डहाळे लागले. आमच्या मुलांचं आणि त्यांचं शाळेचं पटांगण एकच. आई रोज सकाळी बहिणीच्या कानामागे, मानेवर पुरळ शोधायची. आमच्या आळीत एकही पोर तापलं नाही. गोवर वरच्या आळीत फिरला आणि तिथेच संपला. डॉक्टरांचं म्हणणं मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. लस देता न आलेल्या माझ्या बहिणीला लस घेतलेल्या त्या मुलांनीच राखलं होतं. लस न मिळालेल्या त्या लहानगीलाही. कुणालाच ते ठाऊक नव्हतं, मुलांना तर नाहीच. आई म्हणाली, “आळीतल्या सगळ्यांना एकदा गोडाचं जेवण घालू.” बहिणीची सूजही उतरत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उन्हाळ्यापर्यंत असंच राहिलं तर गोळ्या हळूहळू बंद करू, मग तिला लस देता येईल, जूनपासून शाळेत घाला.

बहिणीनं पाटीवर जूनपर्यंतचे महिने लिहून ठेवले होते.

संक्रांतीला शेजारच्या मुलीचा बाप आला आणि तिला शिळफाट्याला घेऊन गेला. तिच्या चुलत भावाचं बोरन्हाण होतं. पहिल्या संक्रांतीला बाळाला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, हलवा ओततात आणि आळीतली पोरं ते वेचायला एकमेकांच्या अंगावर पडतात. दोन दिवसांनी मुलगी परत आली. फ्रॉकच्या खिशात हलव्याचे दाणे होते.

त्यानंतर दीड आठवडा गेला असेल. ती खिडकीशी आली तेव्हा तिचं नाक वाहत होतं, डोळे लाल, पाणावलेले. खोकतही होती. थंडीचे दिवस होते, सगळ्यांचीच नाकं वाहत होती.

“ताई, हा घे,” ती म्हणाली. मुठीत ओले झालेले चार दाणे होते.

मी खिडकी लावून घ्यायला उठले होते. बहीण म्हणाली, “असू दे ना गं. दिवसभर कोण येतंय माझ्याकडे?”

मी बसले. दोघी गजांच्या दोन बाजूंना डोकं टेकून बराच वेळ बोलत होत्या. ती मुलगी वहीत नव्हती, हे मला त्या क्षणी आठवलं. तरी मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. तिची आई तेव्हा नुकतीच बाळंत झाली होती. बाळाजवळ तापाचं पोर नको म्हणून काकीनं जावयाला निरोप धाडून मुलीला शिळफाट्याला पाठवलं. तान्ह्याची काळजी त्या घरानं बरोबर घेतली. पुरळ उठलं ते तिकडे. आम्हाला ते कुणी सांगितलं नाही. आम्हाला सांगायचं असतं, असं कुणाच्या मनात यायचं कारणही नव्हतं.

दहाएक दिवसांनी बहिणीला ताप आला तेव्हा आम्ही पुरळ शोधत राहिलो. पुरळ धड उठलंच नाही. तिसऱ्या दिवशी तिला श्वास पुरेना. कर्जतच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि लगेच मुंबईला न्यायला सांगितलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, “जवळपास कुणाला गोवर?”

बाबा म्हणाले, “आमच्या आळीत सगळ्या मुलांना लस दिलीये, साहेब. एकाला झाला नाही.” हे सांगताना त्यांच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता.

मी म्हणाले, “एक मुलगी होती.”

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. एवढ्या अशक्त मुलांत गोवर कधीकधी पुरळ न उठताच फुप्फुसात उतरतो, असं ते म्हणाले. संपर्क आल्यावर पहिल्या पाच-सहा दिवसांत कळलं असतं तर एक तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन देऊन पाहता आलं असतं. आता ती वेळ गेली होती. ते मला रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बहीण पाचव्या दिवशी गेली.

मी पुढे शिळफाट्याला गेले होते, एकदाच, दुसऱ्याच कामाला. तिथल्या नर्सबाईंकडे त्या मुलीबद्दल विचारलं. त्यांनी जुनी वही काढली. तिच्या ओळीत लस नव्हती. समोर लिहिलं होतं, “आईसोबत माहेरी गेली.” आमच्या वहीत ती सासरची, त्यांच्या वहीत ती माहेरची. आमच्याकडे दर घरात एखादी माहेरवाशीण असते आणि तिच्या पदराला एखादं पोर. त्याचा रकाना मी पाडला नव्हता.

पुढच्या वर्षी तो पाडला. “पाहुणी मुलं” असं लिहिलं. नर्सबाई यायच्या आदल्या दिवशी मी अजूनही दारोदार जाते. घसा खाकरते आणि उभी राहते. बायका म्हणतात, “आली बघ मुकी मास्तरीन.” मग मी विचारते, कुणी आलंय का घरी, कधीपर्यंत आहे, बरोबर कोण आहे. “ती आमची नाय,” असं कुणी म्हटलं की मी दारातून हलत नाही.

त्याच वर्षी दिवाळीत काकीची लेक दोन्ही पोरं घेऊन आली. बाळाला नऊ महिने पूर्ण झाले होते. काकीनं स्वतःच मला हाक मारली, “ए पोरी, हिच्या बारक्याला लिव वहीत.” माझ्या बहिणीला गोवर कुणाकडून आला ते तिला माहीत नव्हतं. तिच्या लेकीलाही नव्हतं. मी ते कधी सांगितलं नाही, सांगून तीन वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर काय ठेवायचं?

मी बाळाचं नाव लिहीत होते तेव्हा मोठी आमच्या खिडकीशी गेली. ती आता उंच झाली होती, टाचा उचलायची गरज नव्हती. गजांना धरून तिनं आत पाहिलं.

“ताई कुठंय?” तिनं मला विचारलं.

काकी घाईनं म्हणाली, “अगं, ती शाळंत गेली.”

मुलीनं मान हलवली आणि मूठ गजांतून आत घालून काहीतरी खिडकीच्या फळीवर ठेवलं. संध्याकाळी मी पाहिलं. चिंचेचा पाला होता.