झाकलेल्या नावाचं एस्टिमेट

मुलांनो, आपल्या डोंबिवलीच्या घरी एकोणीस वर्षं पोळ्या करणाऱ्या मावशी तुम्हा दोघांना आठवत असतील. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली. सरकारी योजनेतल्या रुग्णालयात दोन महिन्यांनी नंबर लागणार होता आणि डॉक्टर तेवढं थांबू नका म्हणत होते. ठाण्यातल्या एका रुग्णालयाने सोमवारची तारीख दिली, पण शुक्रवारपर्यंत पैसे भरायला हवे होते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची मदतीची पोस्ट लिहायचं काम त्यांच्या मुलीने माझ्यावर सोपवलं.

मी ती नीट लिहिली असं मला वाटलं. रुग्णालयाने शिक्का-सही करून दिलेल्या खर्चाच्या एस्टिमेटचा फोटो जोडला. कोणाच्याही खासगी खात्यात किंवा क्यूआर कोडवर पैसे पाठवू नयेत, थेट रुग्णालयाच्या खात्यात भरावेत आणि शेऱ्यात रुग्णाचं नाव लिहावं, असं सांगितलं. खाते क्रमांक मी स्वतः बिलिंग काउंटरवर ताडून पाहिला होता. शंका असल्यास रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला फोन करा, हेही लिहिलं. तिथे माहिती द्यायला मावशींनी लेखी संमती दिली होती. फोटो काढण्याआधी मात्र एस्टिमेटच्या वरच्या चौकटीवर मी पांढरी पट्टी चिकटवली. पत्ता आणि आधार क्रमांक लोकांसमोर जाऊ नये, एवढाच हेतू. त्याच चौकटीत नाव आणि नोंदणी क्रमांकही होता. ती चौकट मी वाचलीही नाही.

बुधवारी शेजारच्या सोसायटीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी खात्री करायला रुग्णालयात फोन केला. या नावाचा पेशंट आमच्याकडे नाही, असं उत्तर आलं. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, फसवणूक आहे, पैसे पाठवू नका. माझी पोस्ट तीन दिवसांत जिथवर गेली नव्हती, तिथवर त्यांची ओळ तासाभरात गेली.

मी मावशींच्या मुलीला फोन केला. "अगं, तिथे आईचं नाव काय दिलंत?"

ती म्हणाली, "आजी, आधारवरचं दिलं, ते माहेरचंच आहे. सासरी बदललेलं नाव आम्ही कागदावर कधी चढवलंच नाही."

मी दोन्ही नावं आणि नोंदणी क्रमांक घालून पोस्ट दुरुस्त केली. ते गृहस्थ स्वतः ठाण्याला जाऊन काउंटरवर पैसे भरून आले, पावतीचा फोटो टाकून त्यांनी माफीही मागितली. पण एकदा बिचकलेले लोक परत वळले नाहीत. आधी आलेल्या रकमाही नुसत्या नावावर असल्यामुळे मावशींच्या खाती जमा झाल्या नव्हत्या. शुक्रवार गेला, तारीखही गेली.

त्या रकमा जुळवून आणि उरलेले पैसे उभे करून शस्त्रक्रिया त्या सोमवारनंतर बारा दिवसांनी झाली. तोवर फुप्फुसात पाणी भरलं होतं, तीन दिवस त्या व्हेंटिलेटरवर होत्या. अजूनही दोन जिने चढताना त्यांना थांबावं लागतं. उशिरामुळेच असं झालं का, हे डॉक्टर सांगत नाहीत.

वॉर्डात मी त्यांना सांगायला गेले की चूक माझी होती. बोलायला त्यांना त्रास होत होता.

"काकू, नाव मीच सांगायला हवं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

नाही, असं मी म्हणायला हवं होतं. भेटीची वेळ संपल्याचं नर्सने सांगितलं आणि मी उठले.