कॅमेरा काढलेला फोन

आमच्या चाकणच्या कंपनीत कॅमेऱ्याचा फोन गेटवरच ठेवून घेतात. म्हणून मी एका जुन्या स्मार्टफोनचा कॅमेराच दुकानातून काढून आणला होता. निम्मी कंपनी तेच करते. सिमचा फोन गेटवर, बिनकॅमेऱ्याचा खिशात.

बचतीचे पैसे मी क्रिप्टोच्या एक्सचेंजवर ठेवले होते. पैसे काढायला दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा कोड लागतो. तो दाखवणारं अॅप मी मुद्दाम या खिशातल्या फोनवर घेतलं, सुरक्षित म्हणून. क्यूआर कोड स्कॅन करायला कॅमेरा नाही, तेव्हा स्क्रीनवरची लांबलचक 'की', म्हणजे अक्षरं-आकड्यांची ओळ, बोटाने टाइप केली. फोन गेला तर तीच लागेल, जपून ठेवा, असं खाली लिहिलं होतं. राव, कोण जपतंय! कोड चालू झाला, मी खूश.

तो फोन सहाआसनी रिक्षात राहिला. शोधायला रिंग द्यावी तर त्यात सिमच नाही. कोड दाखवायला सिमही लागत नाही आणि नेटही लागत नाही, याचं मला फार कौतुक होतं.

आणि हे नेमकं ताथवड्याचा फ्लॅट विकत घ्यायचं ठरत असताना. फ्लॅट विकणारे काका देहूरोडचे, नोकरीतून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी टोकन द्या, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. बायकोने त्या स्वयंपाकघरात उभं राहून मिक्सर कुठे ठेवायचा तेही ठरवलं होतं. आठ वर्षं आम्ही भाड्याच्या घरात काढली होती. मला तो फ्लॅट हवाच होता.

एक्सचेंजवर 'कोड मिळत नाही' असा पर्याय होता. ईमेलवरचा ओटीपी, मोबाइलवरचा ओटीपी, पॅन कार्ड, मग कॅमेऱ्यासमोर मान डावीकडे, उजवीकडे. त्यानंतर त्यांची माणसं तपासणार. गेटबाहेर आलो की मी दर पाच मिनिटांनी ईमेल बघायचो. लाइनवरही मन तिकडेच, पार्ट तपासताना माझं लक्ष उडालं आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली. गुरुवारी संध्याकाळी मंजुरी आली. आता सिमच्याच फोनवर नवीन कोड सुरू झाला. मी लगेच कॉइन विकून रुपये केले, ते झालं. काढायला गेलो तर बटण बंद. कोड बदलल्यामुळे अठ्ठेचाळीस तास पैसे काढता येणार नाहीत, शनिवारी संध्याकाळी उघडेल.

सपोर्टला लिहिलं, भांडलो. त्यांनी शांतपणे कळवलं, की दुसऱ्या कुणी तुमच्या नावाने कोड बदलून घेतला असता तर तुम्हाला कळून थांबवायला वेळ मिळावा म्हणून ही मुदत आहे, ती कुणालाच कमी करून मिळत नाही. माझेच पैसे आणि मलाच चोर समजतात, असा माझा जळफळाट झाला.

"अहो, संध्याकाळी उघडणार आहे ना? बसा जरा," बायको शनिवारी दुपारी म्हणाली.

मला बसवत नव्हतं. तो फोन कुणाला सापडला असेल, तो माझ्या खात्यात शिरला तर? खरं तर जुना कोड कधीच रद्द झाला होता. तरी हाताला चैन नव्हतं, म्हणून मी पासवर्ड बदलला. मध्ये काहीतरी लाल अक्षरांत आलं होतं, त्यावर ओके दाबलं. मग वाचलं. पासवर्ड बदलल्यास पुढचे चोवीस तास पैसे काढणं बंद. आता रविवारची दुपार.

मी बायकोला सांगितलं. ती ओरडली नाही. "मला ते घर हवं होतं," एवढंच म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. मी काकांना फोन लावायला घेतला, बँकेचा सर्व्हर बंद आहे असं सांगणार होतो. तिने फोन हातातून काढून घेतला.

"काका, पैसे आहेत, पण उद्या दुपारनंतर निघतील," ती म्हणाली. "उद्या सकाळचं हुकतंय ते आमच्यामुळेच. ह्यांना गप्प बसवत नाही, नको ते दाबून बसलेत."

स्पीकरवर काका आधी हसले. मग म्हणाले, "आमच्या घरात बी असलाच एक हाय, मीच. उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो. पण तोवर त्यांच्या हातात फोन देऊ नका."

रविवारी दुपारपर्यंत माझा फोन तिच्या पर्समध्ये होता. मी गॅलरीत फेऱ्या मारल्या, पंखा पुसला, पुन्हा फेऱ्या मारल्या. वेळ झाल्यावर तिने फोन दिला आणि माझ्या शेजारी उभी राहिली. ईमेलचा कोड, अॅपचा कोड, आणि थोड्या वेळाने पैसे बँकेत आले.

संध्याकाळी काकांनी टोकनची पावती लिहायला घेतली. पहिलं नाव त्यांनी तिचंच विचारून लिहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यांचं बी लावायचं का?"

बायकोने 'हो' म्हणायला पुरतं एक मिनिट घेतलं, आणि मी एक शब्द न बोलता बसून राहिलो.